फोटोतला नमुना, ओळीओळीने

लोकरीच्या स्कार्फचा इंग्रजी नमुना कुणीतरी पुस्तकातून मोबाइलवर टिपून पाठवते. ज्यांना सुलट आणि उलट टाके नुकतेच जमू लागले आहेत, त्या अशा मजकुरापाशी अडतात:

```
CO 21 sts.
Row 1 (RS): k3, *yo, k2tog, k2;
rep from * to last 2 sts, k2.
Row 2: k2, p to last 2 sts, k2.
```

`CO` म्हणजे सुईवर टाके घालणे, `k` सुलट, `p` उलट, `RS` कामाची दर्शनी बाजू. `yo` म्हणजे सुईवर लोकरीचा एक जादा वेढा आणि `k2tog` म्हणजे दोन टाके एकत्र सुलट विणून एक करणे. वेढ्याने एक टाका वाढतो, जोडीने एक घटतो. त्यामुळे जाळी पडते, पण टाके तितकेच राहतात.

एवढे समजले, तरी फुलीपाशी गाडी अडतेच. तिथून पुढचे पुन्हा पुन्हा विणायचे, पण किती वेळा, हे नमुना सांगत नाही. ते आपण काढून द्यायचे. २१ मधून सुरुवातीचे ३ आणि शेवटचे २ गेले की १६ उरतात. एका गटाला जोडीचे दोन आणि सुलट दोन असे ४ टाके लागतात. वेढा नव्याने तयार होतो, म्हणून तो यात धरायचा नाही. म्हणजे गट चार वेळा.

आता पहिली ओळ अशी लिहावी: ३ सुलट. मग लोकर दोन सुयांमधून पुढे आणा आणि ती तशीच पुढे ठेवून पुढचे दोन टाके एकत्र सुलट विणा. वेढा आपोआप पडेल. नंतर २ सुलट. हा झाला पहिला गट. असेच आणखी तीन गट, शेवटी २ सुलट. एकूण २१.

दुसरी ओळ: २ सुलट, १७ उलट, २ सुलट. इथे एक वाक्य जरूर घालावे: वेढा तिरपा आणि सैल दिसेल, तोही एक टाका धरून उलट विणा. नवख्या हाताला तो चुकून पडलेला धागा वाटतो आणि सुईवरून सोडून दिला जातो.

फोटो अंधुक असेल तर उतरवण्याआधी हाच हिशेब कामी येतो. `to last 2 sts` म्हटल्यावर पुढे `k3` दिसत असेल, तर दोन टाक्यांत तीन विणता येत नाहीत. आकडा नीट वाचलेला नाही. पानाच्या घडीत `tog` गेले आणि नुसते `k2` उरले, तर प्रत्येक गटात एक टाका वाढून ओळीअखेर २५ होतील.

प्रत्येक ओळीपुढे टाक्यांची संख्या लिहावी ती यासाठीच. पहिल्या ओळीनंतर २० भरले, तर बहुधा एक वेढा राहिला आहे. ज्या गटात चाराऐवजी तीनच टाके आहेत, तो शोधा. उसवायची गरज नाही: दुसऱ्या ओळीत त्या जागी आल्यावर दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर उचलून घ्या आणि उलट विणा. भोक किंचित लहान पडेल, बाकी नमुना बिघडणार नाही.