फोडणीविना दरवळ

कावीळ उतरू लागलेल्या माणसाला फोडणीचा नुसता वास आला तरी मळमळतं. पण बिनचवीचा उकडलेला भात पुढे ठेवला, तर दोन घासांतच तो ताट बाजूला सारतो. तेल नको आणि चव मात्र हवी, हे जमायचं कसं? उत्तर आपल्या मेतकुटाच्या बरणीत आहे.

तेल पचवायला पित्त लागतं. आतड्यात आलेल्या तेलाचे ते बारीक बारीक थेंब करतं. यकृताला सूज असली की हे पित्त आतड्यात कमी पोचतं आणि तेलकट खाणं जड होतं. आता चवीचं पाहू. उघड्या पातेल्यातलं पाणी साधारण १०० अंशांच्या वर तापत नाही, म्हणून उकडलेल्या डाळीला खमंग वास येत नाही. कोरड्या कढईतला दाणा मात्र त्यापलीकडे तापतो आणि त्याच्या पृष्ठभागावर आधी नसलेले वास अक्षरशः नव्याने जन्माला येतात. मेतकुटातल्या डाळी, तांदूळ, गहू, धणे, जिरे असेच कोरडे भाजून दळलेले असतात. थेंबभर तेल न लागता केवढा दरवळ!

हीच युक्ती खिचडीत करावी. पाव वाटी मूगडाळ मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजा. त्यात धुतलेला अर्धी वाटी तांदूळ, चिमूटभर हळद, मीठ, किसलेलं आलं आणि चार वाट्या पाणी घालून डाळ-तांदूळ एकजीव होईपर्यंत शिजवा. वेगळे भाजलेले जिरे कुटून ठेवा, पण ते शिजताना घालू नका. तेलात वास धरून राहतो, पाण्यात तो वाफेबरोबर उडून जातो. म्हणून जिऱ्याची पूड ताटात वाढल्यावरच भुरभुरावी, म्हणजे तीच वाफ वास थेट नाकाशी आणते. जिरे काळे पडले तर टाकून द्यावेत, पूड कडू होते. वर लिंबाचे चार थेंब पिळावेत आणि सोबत लोणी काढलेलं पातळ ताक द्यावं.

वेळेलाही महत्त्व आहे. विषाणूमुळे झालेल्या काविळीत मळमळ बहुधा दिवस चढेल तशी वाढते. म्हणून पोटभर जेवण सकाळी द्यावं आणि रात्री थोडीशी पेज पुरे.

काही घरांत हळद पिवळी म्हणून वर्ज्य करतात. डोळ्यांतला पिवळेपणा बिलिरुबिनचा असतो, त्याचा चिमूटभर हळदीशी संबंध नाही. डाळ तोडणं तर त्याहून वाईट, कारण झीज भरून यायला प्रथिनं लागतात. पित्ताशयातला खडा किंवा यकृताचा जुना आजार असेल, तर पथ्य डॉक्टरांनीच ठरवावं. रोगी गुंगीत राहू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा पाणीही पोटात ठरेना, तर थेट रुग्णालय गाठावं.

तेल कायमचं तोडायचं नसतं. भूक परतली की खिचडीवर अर्धा चमचा साजूक तूप घालून बघावं आणि मळमळलं नाही, तर दुसऱ्या दिवशीही तेवढंच घालावं.