पाच अवस्था: तीन फ्लिप-फ्लॉप की पाच?

एकामागून एक येणाऱ्या बिटांमध्ये 1101 ही मालिका ओळखणारे मंडल फक्त आत्ताचे बिट पाहून निर्णय देऊ शकत नाही. आधी काय आले होते, हे त्याला लक्षात ठेवावे लागते. अशा मंडलाला क्रमिक यंत्र म्हणतात आणि त्याच्या लक्षात राहिलेल्या मजकुराला अवस्था. या यंत्राला पाच अवस्था पुरतात. S0 मध्ये उपयोगाचे काहीच आलेले नसते, S1 मध्ये एक 1 आलेला असतो, S2 मध्ये 11, S3 मध्ये 110, आणि S4 मध्ये पूर्ण मालिका सापडलेली असते. तेव्हाच यंत्र आपले उत्तर 1 करते.

क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला नवे बिट x येते आणि यंत्र पुढच्या अवस्थेत जाते. S2 मध्ये असताना आणखी 1 आला तर यंत्र S2 मध्येच थांबते, कारण शेवटची दोन बिटे अजूनही 11 च असतात. S4 नंतर 1 आला तर तेही S2 मध्येच येते. S1, S3 किंवा S4 मध्ये चुकीचा 0 आला की पुन्हा S0.

अवस्था साठवण्याचे काम फ्लिप-फ्लॉप करतात आणि एक फ्लिप-फ्लॉप एकच बिट धरून ठेवतो. आता या पाच अवस्थांना कोणते अंक द्यायचे, हा प्रश्न उरतो. सर्वांत काटकसरीची रीत बायनरीची: S0 ला 000, S1 ला 001, असे करत S4 ला 100. तीन फ्लिप-फ्लॉपमध्ये आठ जागा होतात, पाच वापरल्या, तीन रिकाम्या राहिल्या. दुसऱ्या रीतीत प्रत्येक अवस्थेला स्वतःचा फ्लिप-फ्लॉप मिळतो आणि कोणत्याही क्षणी त्यांपैकी एकच 1 असतो. हिला वन-हॉट म्हणतात. पाच अवस्थांना पाच फ्लिप-फ्लॉप, चाळीस अवस्थांना चाळीस. बायनरीत चाळीस अवस्थांचे काम सहा फ्लिप-फ्लॉपमध्ये भागते, कारण सहा बिटांत चौसष्ट जागा आहेत.

एवढ्यावरच निकाल दिला तर वन-हॉट उधळपट्टी वाटेल. पण फ्लिप-फ्लॉप हा खर्चाचा अर्धाच भाग आहे. पुढची अवस्था ठरवणारे लॉजिकही बांधावे लागते. बायनरी रीतीत तीन बिटांना a, b, c म्हटले आणि रिकाम्या जागांचा फायदा घेऊन समीकरणे आखूड केली, तर ती अशी येतात (' म्हणजे उलट किंमत):

```
A+ = x·b·c
B+ = b·c' + x·b'·c + x·a
C+ = x·a'·b'·c' + x'·b·c'
```

यंत्राचे उत्तर म्हणजे सरळ a. वन-हॉट रीतीत q0 ते q4 हे फ्लिप-फ्लॉप घेतले, तर समीकरणे अशी:

```
Q0+ = x'·(q0 + q1 + q3 + q4)
Q1+ = x·q0
Q2+ = x·(q1 + q2 + q4)
Q3+ = x'·q2
Q4+ = x·q3
```

ही दुसरी समीकरणे सोडवावी लागत नाहीत, अवस्थाचित्रावरून नुसती उतरवून घेता येतात. एखाद्या अवस्थेकडे किती बाण येतात आणि कोणत्या अटीवर, एवढेच पाहायचे. S4 कडे एकच बाण येतो, S3 मधून, x = 1 असताना; म्हणून Q4+ = x·q3. बायनरीत मात्र C+ च्या एका पदाला चारही संकेत तपासावे लागतात, कारण कोणती अवस्था चालू आहे हे एका बिटावरून कळत नाही, तिन्ही बिटे मिळून ते सांगतात.

तरीही या लहान यंत्रापुरता निकाल बायनरीच्या बाजूने लागतो, हे मान्य करायला हवे. एफपीजीए चिपमधला लॉजिकचा मूळ घटक म्हणजे लुकअप टेबल. चार संकेत घेणारे टेबल सोळा किमतींची यादी साठवते आणि त्या चार संकेतांचे कोणतेही समीकरण बनवते. वरची तिन्ही बायनरी समीकरणे चार संकेतांच्या आत बसतात. तीन टेबले, तीन फ्लिप-फ्लॉप, काम संपले.

यंत्र मोठे झाले की चित्र पालटते. चाळीस अवस्था आणि चार बाह्य संकेत असलेले नियंत्रक यंत्र घेऊ. बायनरीत पुढच्या अवस्थेचे प्रत्येक बिट सहा अवस्था-बिटे आणि चार संकेत अशा दहा गोष्टींवर अवलंबून असू शकते. दहा संकेत चार-चारांच्या टेबलांत कोंबायला किमान तीन टेबले आणि दोन पातळ्या लागतात, आणि समीकरण वेडेवाकडे असेल तर कितीतरी जास्त. प्रत्येक पातळीला वेळ लागतो आणि तेवढी क्लॉकची गती उतरते. वन-हॉटमध्ये एखाद्या अवस्थेकडे दोन बाण येत असतील आणि प्रत्येक बाणावर एकच अट असेल, तर एकूण चार संकेत होतात: एक टेबल, एक पातळी. अवस्था चाळीस असोत वा ऐंशी, त्या समीकरणाला फरक पडत नाही. खर्च अवस्थांच्या संख्येवर न ठरता येणाऱ्या बाणांवर ठरतो. म्हणूनच सगळीकडून परत येण्याची विश्रांती-अवस्था वन-हॉटलाही महाग पडते. वरच्या यादीत Q0+ सर्वांत रुंद आहे ते याचमुळे.

एफपीजीएमध्ये टेबलाच्या शेजारीच फ्लिप-फ्लॉप दिलेला असतो. तो वापरला नाही तर बहुधा पडूनच राहतो, त्यामुळे तिथे फ्लिप-फ्लॉप स्वस्त आणि रुंद लॉजिक महाग. 22V10 या जुन्या प्रोग्रॅमेबल चिपमध्ये नेमके उलट आहे. तिच्यात फ्लिप-फ्लॉप फक्त दहा, पण एकेका पदात बावीस संकेतांपर्यंत सहज घेता येतात. तिथे चाळीस अवस्थांचे वन-हॉट यंत्र मावणारच नाही.

वन-हॉटचा खरा धोका वेगळा आहे. पाच फ्लिप-फ्लॉपच्या बत्तीस स्थिती होतात आणि त्यांतल्या पाचच वैध. विजेच्या धक्क्याने किंवा क्लॉकशी न जुळवलेल्या बाह्य संकेताने दोन फ्लिप-फ्लॉप एकदम 1 झाले, तर यंत्र एकाच वेळी दोन वाटांनी चालू लागते आणि मध्येच खोटे उत्तर देऊ शकते. या यंत्रात सलग दोन 1 किंवा सलग दोन 0 आले की दोन्ही वाटा पुन्हा एक होतात. पण एकमेव 1 पुसला गेला तर वरच्या पाचही समीकरणांचे उत्तर कायम 0 येते. यंत्र गप्प बसते आणि कितीही बिटे आली तरी उठत नाही. चाचणीत याची खूण अशी: इनपुट चालू, क्लॉक चालू, पण सर्व q शून्यावर. रीसेटने q0 ला 1 केले नाही तर सुरुवातीलाच असे होते.

बायनरी यंत्राच्या तीन रिकाम्या जागा तपासल्या, तर 101 आणि 110 मधून एका ठोक्यात आणि 111 मधून जास्तीत जास्त दोन ठोक्यांत ते वैध अवस्थेत परतते. ही मात्र या समीकरणांची कृपा. प्रत्येक बायनरी यंत्रात असे होईलच असे नाही. वन-हॉटमध्येही एक दुरुस्ती सोपी आहे. नेमका एकच q तापलेला असताना q0 + q1 + q3 + q4 म्हणजे q2 ची उलट किंमत, म्हणून Q0+ = x'·q2' असे लिहिता येते. समीकरण आखूड होते, आणि सगळे शून्य झाले तरी पुढच्या 0 ला यंत्र S0 मध्ये उभे राहते.

आजची संश्लेषण-साधने संकेतन बहुधा स्वतःच निवडतात. व्हेरिलॉगमधले यंत्र तीन बिटांत लिहिले तरी ते वन-हॉटमध्ये बदलले जाऊ शकते, आणि case मधली default शाखा कधीच गाठली जात नाही असे समजून गाळलीही जाते. व्हिवाडोमध्ये निवड आपल्या हाती ठेवायची तर असे लिहितात:

```
(* fsm_encoding = "one_hot", fsm_safe_state = "reset_state" *)
reg [2:0] state;
```

कोणते संकेतन प्रत्यक्षात वापरले गेले हे संश्लेषणाच्या अहवालात छापलेले असते. पाच-सहा अवस्थांच्या यंत्राला बायनरी ठेवावे. अवस्था वीस-तीसच्या पुढे गेल्या, बाण विरळ असले आणि चिप एफपीजीए असली, तर वन-हॉट घ्यावे आणि सर्व-शून्य स्थितीतून परतण्याची वाट आधी तपासावी.