पहिले पाच श्वास

बुडणारं पोर ओरडत नाही. सिनेमात दिसतो तसा हात हलवून कुणाला बोलावतही नाही. 1970च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर फ्रँक पिया नावाच्या जीवरक्षकाने खऱ्याखुऱ्या बुडणाऱ्यांचं चित्रीकरण केलं, आणि सगळे चक्रावले. बुडणारा उभाच असतो. डोकं मागे कललेलं, दोन्ही हात बाजूंनी पाण्यावर दाबत, जणू नसलेली शिडी चढतोय. तोंड क्षणभर वर येतं आणि पुन्हा खाली जातं. तेवढ्या फटीत श्वास घ्यायचा की हाक मारायची? शरीर विचारत बसत नाही, श्वासच निवडतं. हा सगळा खेळ वीस ते साठ सेकंदांत आटोपतो, आणि तोही शेजारी चार माणसं पोहत असताना.

म्हणून जीवरक्षकाचा अहवाल मिनिटांत नाही, सेकंदांत लिहिला जातो. असा एक अहवाल उलगडून पाहू. समजा, घोड नदीकाठच्या इनामगावातला नऊ वर्षांचा एक मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत तालुक्याच्या गावी जलतरण तलावावर आलाय. मुलगा आपण कल्पिलेला आहे, पण त्याच्या शरीरात जे घडतं आणि त्यावर जे करतात ते अगदी खरं आहे.

पहिली नोंद कॅमेऱ्यावरून. 5:42:00, मुलगा दोरीपलीकडे सरकतो, तळ पायांना लागत नाही. 5:42:40, डोकं पाण्याखाली. आता आत काय चाललंय? आधी तो श्वास रोखून धरतो. पण रक्तातला कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि मेंदू ‘श्वास घे’ असा हुकूम सोडतो. या हुकमापुढे कुणाचं काही चालत नाही. तोंड उघडतं, पाणी घशाशी येतं, स्वरयंत्र आखडून दार लावून घेतं. बरंचसं पाणी पोटात जातं, थोडं श्वासनलिकेत. प्राणवायू घसरतो, शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो.

आणि हृदय? ते चालूच असतं! माझ्या मते बुडण्याच्या सगळ्या कहाणीतली हीच सर्वांत थक्क करणारी गोष्ट. हृदयविकाराच्या झटक्याने कोसळलेल्या माणसात हृदय आधी थांबतं, पण रक्तात प्राणवायू अजून शिल्लक असतो. बुडालेल्यात नेमकं उलटं होतं. यंत्र धडधाकट आहे, त्याला हवाच मिळत नाही. श्वास थांबल्यावरही ते काही काळ तग धरतं, आधी वेगाने, मग मंद, मग क्षीण होत. रिओच्या किनाऱ्यांवरच्या 1,831 घटना तपासून डेव्हिड श्पिलमन या डॉक्टरांनी 1997 मध्ये या फटीची किंमत आकड्यांत मांडली. फक्त श्वास थांबलेल्यांपैकी 44 टक्के दगावले होते. हृदयही थांबलेल्यांपैकी 93 टक्के. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे जीवरक्षकाच्या हातात असलेली मिनिटं.

5:44:30, जीवरक्षकाला तळाशी न हलणारी आकृती दिसते. एक लांब शिट्टी, उडी. 5:44:50, तोंड पाण्याबाहेर. म्हणजे पाण्याखाली दोन मिनिटं दहा सेकंद. 5:45:10, मुलगा काठावर, पाठीवर आडवा. हाक मारली, खांदे हलवले, उत्तर नाही. छाती हलत नाही. दुसऱ्या माणसाला 108 ला फोन करायला पिटाळलं.

आपल्याकडे इथेच घोटाळा होतो. विहिरीतून काढलेल्या पोराला उलटं टांगायचं, गरगर फिरवायचं, पोट दाबायचं, ‘पाणी काढा’ म्हणत. पण फुप्फुसात किती पाणी गेलेलं असतं? वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन मिलिलिटर पुरेसं असतं घात करायला. या सत्तावीस किलोच्या मुलात ते अर्धा कप चहाहून जास्त नसेल, आणि तेही पुष्कळसं शरीर स्वतःच शोषून घेतं. पोट दाबलं की बाहेर येतं ते पोटातलं पाणी आणि दुपारचं जेवण, जे सरळ श्वासनलिकेत उतरू शकतं. शिवाय वेळ जातो.

जीवरक्षक काय करतो? कपाळावर एक हात, हनुवटी वर. नाक चिमटीत धरून, तोंडावर तोंड लावून एक-एक सेकंदाचे पाच श्वास. छाती उचललेली दिसेल एवढीच फुंकर. जोरात फुंकलं तर हवा पोटात जाते आणि उलटी ओढवते. पाच हा युरोपीय प्रघात आहे, अमेरिकेत दोनाने सुरुवात करतात, पण आधी श्वास यावर दोघांचं एकमत आहे. भर रस्त्यात कोसळलेल्या माणसाला फक्त छाती दाबा असं आपण ऐकलेलं असतं. इथे ते पुरत नाही, कारण जे रक्त फिरवायचं त्यात प्राणवायूच उरलेला नाही.

5:45:25. तोंडातून पांढरा फेस येतोय. नवखा घाबरून तो पुसत बसतो. फुप्फुसातल्या कोट्यवधी फुग्यांना आतून एक स्निग्ध थर असतो, त्यामुळे ते मिटत नाहीत. पाण्याने तो थर बिघडतो, आणि हवा, पाणी व त्या थराचं मिश्रण घुसळून हा फेस होतो. पुसला तरी पुन्हा येणार. म्हणून फेसातूनच श्वास द्यायचे.

5:45:40, मानेला बोटं लावून नाडी पाहिली, दहा सेकंदांहून जास्त नाही. बारीक, पण आहे! म्हणजे फट अजून मिटलेली नाही. छाती दाबायची गरज नाही. दर दोन-तीन सेकंदांना एक श्वास चालू ठेवायचा. नाडी लागली नसती, किंवा नक्की कळलंच नसतं, तर छातीच्या मधोमध तळहात ठेवून सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 च्या गतीने तीस दाब, मग दोन श्वास, असं फेरीमागून फेरी चालवलं असतं. विजेचा झटका देणारं यंत्र आणलं असतं तर आधी छाती कोरडी केली असती. मात्र बुडण्यात त्याचा उपयोग क्वचितच होतो, कारण हृदयाची लय विस्कटलेली नसते, ती विझत चाललेली असते.

5:46:30, एक उचकी, मग उलटी. लगेच सगळं अंग एकदम कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं. 5:46:50, खोकला आणि स्वतःचा श्वास. पाठोपाठ रडणं, आणि जीवरक्षकाला यापेक्षा गोड आवाज माहीत नसतो, कारण रडायला हवा लागते. कुशीवरच ठेवून प्राणवायूचा मास्क लावला, ओले कपडे काढून टॉवेलात गुंडाळलं. 6:04, रुग्णवाहिका.

आता मुलगा बोलतोय, वडील म्हणताहेत, “बरा दिसतोय की, घरी नेतो.” अहवालात इथे ठळक लिहिलेलं असतं: रुग्णालयात पाठवले. बिघडलेला थर परत तयार व्हायला वेळ लागतो, आणि तोवर सूज वाढून श्वास पुन्हा जड होऊ शकतो. डॉक्टर सर्वांत आधी विचारतील, पाण्याखाली किती वेळ होता? पाच मिनिटांच्या आतल्यांपैकी बहुतेक जण धडधाकट सुटतात, दहाच्या पुढे चित्र झपाट्याने पालटतं. ‘थोडा वेळ’ असं उत्तर इथे निरुपयोगी असतं, म्हणून कॅमेऱ्यावरून घेतलेले ते दोन मिनिटं दहा सेकंद सोबत जातात. मग सहा ते आठ तास देखरेख: खोकला वाढतोय का, श्वासाची गती चढतेय का, बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायू 95 च्या खाली घसरतोय का. मास्क काढूनही आकडा टिकला आणि छातीत घरघर नसली, तर त्याच रात्री घरी जाता येतं. नाहीतर मुक्काम वाढतो.