थकलेले युरो आणि एक सभ्य पत्र

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत ओतीव कामाचे आणि मशीनिंगचे कारखाने खेटून उभे आहेत. त्यातल्या एखाद्या लहान कारखान्याचा माल जर्मनीतल्या पंप बनवणाऱ्या कंपनीला जातो असे उदाहरणादाखल धरू. माल चांगला आहे, ऑर्डरी येत आहेत, पण दोन बिलांचे पैसे थकले आहेत. तारीख 10 जून. मालक वैतागून मसुदा लिहितात:

“बरेच दिवस आपल्याकडून पेमेंट आलेले नाही. आम्ही लहान उद्योजक आहोत, बँकेचे हप्ते डोक्यावर आहेत. तरी लवकरात लवकर रक्कम पाठवून सहकार्य करावे, ही नम्र विनंती.”

मराठीत हे पत्र सभ्य आहे. ‘करावे’ या क्रियापदातच आर्जव आहे. मग कोणीतरी त्याचे इंग्रजी करतो: ‘काइंडली डू द नीडफुल अ‍ॅट द अर्लिएस्ट’. हे पत्र तिकडे पोहोचते ते खरेदी पाहणाऱ्या ओळखीच्या साहेबांमार्फत लेखा विभागातल्या कारकुनाकडे. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात: कोणते बिल, किती रक्कम आणि देय तारीख कोणती. पत्रात यातले काहीच नाही. तो ते बाजूला ठेवतो, आणि त्यात त्याचा उर्मटपणा नसतो.

म्हणून इंग्रजीच्या आधी वही उघडायची. इथे पहिली अडचण निघते ती मुदतीची. करारात ‘बिल ऑफ लेडिंगच्या तारखेपासून 60 दिवस’ असे आहे. बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल जहाजावर चढल्याची जहाज कंपनीची पावती. आपल्या संगणकातला हिशेब मात्र बिलाच्या तारखेपासून दिवस मोजतो. पहिले बिल 3 मार्चचे, जहाजाची पावती 14 मार्चची. बिलापासून मोजले तर देय तारीख 2 मे येते, पावतीपासून मोजले तर 13 मे. ‘39 दिवस थकले’ असे लिहिले तर तिकडचा कारकून करार काढून 28 दिवस दाखवतो, आणि आपल्या उरलेल्या आकड्यांवरही त्याचा विश्वास राहत नाही.

दुसऱ्या बिलाची पावती 2 एप्रिलची, म्हणजे देय तारीख 1 जून. तिसऱ्याची 5 मेची. ते 4 जुलैला देय होईल. थकबाकीच्या पत्रात तिसरे बिल घालायचे नाही. तिन्हींची बेरीज करून मोठा आकडा दाखवण्याचा मोह होतो, पण मुदत न संपलेली रक्कम मागितली की सगळ्या मागणीवर शंका येते.

दुसरी अडचण वादाची. पहिले बिल 18,400 युरोचे आहे. त्यातले काही नग मापात बसले नाहीत म्हणून ग्राहकाने 620 युरो कापण्याचे कळवले होते आणि आपण त्यावर उत्तरच दिलेले नाही. पुष्कळदा पैसे अडतात ते इथे. लेखा विभागाच्या यादीत ‘तक्रार प्रलंबित’ अशी खूण पडते आणि 620 साठी अख्खे बिल थांबते. उपाय सोपा आहे: वादातली रक्कम वेगळी काढायची आणि बिनवादाचे 17,780 आधी मागायचे. त्यात दुसऱ्या बिलाचे 9,750 धरले की मागणी 27,530 युरोंची होते.

एवढे हातात आल्यावर मसुदा असा होतो:

“सप्रेम नमस्कार. खालील दोन बिलांची रक्कम आमच्या खात्यात अजून जमा झालेली दिसत नाही. पहिले बिल 18,400 युरोचे असून ते 13 मे रोजी देय होते. त्यातील 620 युरोंबाबतची आपली तक्रार आम्ही तपासत आहोत, उत्तर 16 जूनपर्यंत कळवू. तोवर उरलेले 17,780 युरो द्यावेत. दुसरे बिल 9,750 युरोचे, 1 जून रोजी देय होते. एकूण 27,530 युरो 20 जूनपर्यंत पाठवता येतील का, हे कृपया कळवावे. रक्कम आधीच पाठवली असल्यास बँकेची स्विफ्ट प्रत पाठवावी आणि हे पत्र दुर्लक्षित करावे. बिलांच्या प्रती सोबत आहेत. आमच्या बँक खात्याचा तपशील बिलावर आहे तोच आहे, त्यात बदल नाही.”

यात हप्त्यांचे रडगाणे नाही आणि आरोपही नाही. ‘तुम्ही पैसे दिले नाहीत’ ऐवजी ‘जमा झालेली दिसत नाही’ म्हटले, म्हणजे चूक बँकेची, आपली किंवा त्यांची, कोणाचीही असू शकते. इंग्रजीत ती वाट ‘वुई हॅव नॉट येट रिसीव्हड’ या साध्या वाक्यात तशीच उघडी राहते. ‘पेंडिंग फ्रॉम युवर साइड’ लिहिले की ती बंद होते. ‘पाठवता येतील का’ हा प्रश्न इंग्रजीतही प्रश्नच ठेवायचा, पण तारीख सोडायची नाही. ‘लवकरात लवकर’ ही तारीख नव्हे. अनेक कंपन्या ठरलेल्या दिवशी एकत्रित पैसे सोडतात, त्याला पेमेंट रन म्हणतात. तारीख दिली की कारकून आपले बिल त्या यादीत बसवतो.

आकडे लिहितानाही सांभाळावे लागते. जर्मनीत हजारांपाशी टिंब आणि दशांशापाशी स्वल्पविराम देतात, आपल्या उलट. आणि 01/06 ही तारीख अमेरिकेत 6 जानेवारी होते. म्हणून महिना अक्षरांत लिहावा. ई-मेलच्या विषयाच्या ओळीत आपल्या कंपनीचे नाव, बिल क्रमांक आणि ‘पेमेंट रिमाइंडर’ एवढे पुरे, ‘अर्जंट’ नको.

बँक खात्याचे शेवटचे वाक्य फालतू वाटेल, पण ते फसवणुकीमुळे आले आहे. भामटे पुरवठादाराच्या ई-मेलमध्ये शिरतात आणि नेमक्या थकबाकीच्या पत्रव्यवहारात ‘आमचे खाते बदलले’ असे कळवून पैसे वळवतात. स्मरणपत्रात नवा खाते क्रमांक दिसला की सावध कंपनी पैसे थांबवते, गाफील कंपनी भामट्याला देते. खरोखर खाते बदलले असेल तर ते वेगळ्या पत्राने आणि फोनवर खात्री करून कळवावे.

जर्मन व्यवहारात या पहिल्या सौम्य पत्राला ‘त्साल्लुंग्सएरिनरुंग’ म्हणतात आणि त्यानंतरच्या कडक पत्राला ‘मानुंग’. त्यामुळे पहिले पत्र मिळाल्याने तिथे कोणी दुखावत नाही. तो कामकाजाचा भाग समजला जातो. व्याजाचा उल्लेख दुसऱ्या पत्रासाठी राखावा, आणि तोही करारात तशी तरतूद असेल तर.

सौम्यपणाला मर्यादा मात्र आपल्या बाजूच्या मुदतींची आहे. निर्यातीचे पैसे देशात आणण्याची मुदत रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2025 मध्ये 9 महिन्यांवरून 15 महिने केली, त्यामुळे त्या बाबतीत सध्या घाई नाही. पण निर्यात पत हमी महामंडळाची, म्हणजे ईसीजीसीची विमा पॉलिसी असेल, तर 30 दिवसांहून जास्त थकलेली रक्कम पॉलिसीतल्या मुदतीत कळवावी लागते, नाहीतर पुढे दावा अडू शकतो. पहिल्या बिलाचे 10 जूनला 28 दिवस झाले आहेत. म्हणजे ग्राहकाला 20 जूनपर्यंत वेळ द्यायची, पण ईसीजीसीला कळवण्याचे काम त्याच्या उत्तराची वाट न पाहता करायचे. चौथा माल जहाजावर चढवायचा की नाही, हे मात्र 20 तारखेनंतर ठरवता येईल.