आधी सॉर्ट, मग नंबर : एका सवयीचा मागोवा

दरवर्षी मार्च उलटला की आस्थापना विभागात मूल्यांकनाचा तक्ता यायचा. कर्मचारी क्रमांक, विभाग, गुण आणि रुजू झाल्याची तारीख असे चार कॉलम असत. पाचव्या कॉलममध्ये प्रत्येकाचा त्याच्या विभागातला क्रमांक भरायचा असे. साऱ्या कारखान्यातला क्रमांक कुणालाच नको असायचा, कारण भांडारातल्या माणसाची उत्पादनातल्या माणसाशी तुलना करण्यात काही अर्थ नाही. एक्सेल २००३ च्या काळात हे काम करायची एकच रीत सगळ्यांना ठाऊक होती. तक्ता आधी विभागावर सॉर्ट करायचा, विभागाच्या आत गुण उतरत्या क्रमाने लावायचे आणि मग दुसऱ्या ओळीत हे लिहून खाली ओढायचे :

```
=IF(B2=B1,E1+1,1)
```

वरच्या ओळीत तोच विभाग असेल तर वरचा क्रमांक अधिक एक, विभाग बदलला की पुन्हा एकपासून. समजायला सोपे, आणि कागदावर छापून साहेबांच्या सहीला पाठवायचे असेल तर पुरेसेही. पण या फॉर्म्युल्याला माणसाचे गुण ठाऊकच नसतात. त्याला फक्त शेजारची वरची ओळ दिसते. कुणी तक्ता तारखेवर किंवा कर्मचारी क्रमांकावर पुन्हा सॉर्ट केला की प्रत्येक ओळीच्या वर भलतीच ओळ येते आणि सगळे क्रमांक बदलतात. सेलमध्ये आकडाच दिसत राहतो, त्यामुळे चूक लगेच कळतही नाही. एखाद्याचे गुण फेरतपासणीत वाढले तर पुन्हा सॉर्ट करावे लागे. समान गुणांच्या दोघांना वेगळे क्रमांक मिळत, आणि ते का मिळाले याचे उत्तर ‘तो यादीत वर होता’ एवढेच असे. पगारवाढीशी जोडलेल्या यादीत हे उत्तर चालत नाही.

RANK हे फंक्शन तेव्हाही होते, पण त्याला अट घालता येत नाही. २०१० मध्ये त्याची RANK.EQ आणि RANK.AVG अशी दोन रूपे आली. समान गुणांचे काय करायचे, एवढाच त्यांच्यातला फरक. विभागाची अट तिथेही नाही. डेटाबेसवाल्यांकडे ‘गटातला क्रमांक’ सांगणारी सोय एसक्यूएलच्या २००३ च्या मानकापासून होती. एक्सेलमध्ये तशी थेट सोय नव्हती, म्हणून जाणकार लोक SUMPRODUCT वापरत :

```
=SUMPRODUCT(($B$2:$B$10=B2)*($C$2:$C$10>C2))+1
```

हे उत्तर अचूक येई, पण ऑफिसात एखाद्यालाच ते समजे, आणि तो माणूस बदलून गेला की त्या शीटला हात लावायला कुणी धजत नसे. त्यात एक सापळाही होता. एक्सेलच्या तुलनेत मजकूर कुठल्याही संख्येपेक्षा मोठा धरला जातो. गुणांच्या कॉलममध्ये कुणी ‘रजेवर’ असे लिहिले की तो माणूस विभागातल्या सर्वांच्या पुढे मोजला जाई आणि बाकीच्यांचा क्रमांक एकाने घसरे.

२००७ च्या एक्सेलमध्ये COUNTIFS आले. COUNTIF ला एकच अट घालता येई, याला अनेक. या नव्या फंक्शनचे खरे मोल मला विभागातल्या क्रमांकात दिसले, कारण त्यामुळे क्रमांकाची मूळ व्याख्याच जशीच्या तशी लिहिता आली. माझा क्रमांक म्हणजे माझ्या विभागात माझ्यापेक्षा जास्त गुण असलेले जितके लोक, अधिक एक.

```
=COUNTIFS($B$2:$B$10,B2,$C$2:$C$10,">"&C2)+1
```

नऊ जणांचा छोटा तक्ता घेऊ. लेखा विभागात १०१ ला ७८ गुण, १०३ ला ९१, १०६ ला ७८ आणि १०९ ला ७०. भांडारात १०२ ला ८२, १०५ ला ७४, १०८ ला ६९. उत्पादनात १०४ ला ६७ आणि १०७ ला ८८. तक्त्यात हे कर्मचारी क्रमांकाने, म्हणजे विभाग सरमिसळ होऊन बसले आहेत. १०१ च्या ओळीत फॉर्म्युला विचारतो की लेखा विभागातले आणि ७८ पेक्षा जास्त गुणांचे किती? फक्त १०३, म्हणजे एक. त्यात एक मिळवला की क्रमांक २. १०६ लाही तेच उत्तर, म्हणून तोही २. १०९ च्या पुढे तिघे आहेत, त्याचा क्रमांक ४. तिसरा कुणी नाही, आणि ते बरोबरच आहे. भांडारात १, २, ३ आणि उत्पादनात १०७ पहिला, १०४ दुसरा. आता तक्ता गुणांवर लावा, तारखेवर लावा, उलटा करा, क्रमांक हलत नाहीत. १०९ चे गुण ७० चे ८० झाले तर त्याच क्षणी तो २ होतो आणि १०१, १०६ आपोआप ३ वर जातात.

डॉलरची चिन्हे पट्ट्यांना लावायची, B2 आणि C2 ला लावायची नाहीत. पट्ट्यांना डॉलर नसले तर फॉर्म्युला खाली ओढताना पट्टाही खाली सरकतो, वरच्या ओळी मोजणीतून निसटतात आणि खालच्या लोकांचे क्रमांक हवे त्यापेक्षा चांगले दिसू लागतात.

दोघांना २ देणे जिथे चालत नाही, तिथे सेवाज्येष्ठता बघायची असा आमच्याकडे नियम होता. तोही मोजणीतच बसतो. त्याच विभागातले, तेवढ्याच गुणांचे, पण आधी रुजू झालेले किती, ते आणखी मिळवायचे :

```
=COUNTIFS($B$2:$B$10,B2,$C$2:$C$10,">"&C2)
 +COUNTIFS($B$2:$B$10,B2,$C$2:$C$10,C2,$D$2:$D$10,"<"&D2)+1
```

१०६ हा २००९ मध्ये रुजू झाला आणि १०१ हा २०१२ मध्ये. म्हणून १०६ दुसरा आणि १०१ तिसरा. कुणी विचारायला आले तर फॉर्म्युल्यावर बोट ठेवून कारण सांगता येते. सॉर्टच्या दिवसांत हे शक्य नव्हते, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा.

सुरुवातीची काही वर्षे मात्र घोळाची गेली. अर्ध्या टेबलांवर २००७ आणि अर्ध्यांवर २००३ असे. नव्या एक्सेलमधली फाइल जुन्या xls रूपात सेव्ह करून पाठवली की पलीकडे फॉर्म्युल्याच्या पुढे `_xlfn.` लागलेले दिसे आणि सेलमध्ये जाऊन एंटर दाबला की `#NAME?`. त्या काळात SUMPRODUCT ची जुनी ओळ जपून ठेवावी लागली. लिबरऑफिसमध्ये COUNTIFS २०१३ च्या ४.० आवृत्तीत आले. आज गूगल शीट्समध्येही हाच फॉर्म्युला जसाच्या तसा चालतो.

या काळात जे बिघाड वारंवार पाहिले, त्यातले तीन सांगण्यासारखे आहेत. पहिला विभागाच्या नावातला. ‘लेखा’ आणि शेवटी एक मोकळी जागा असलेले ‘लेखा ’ ही COUNTIFS ला दोन वेगळी नावे वाटतात. ज्याच्या विभागाच्या नावापुढे ती जागा राहिली, तो आपल्या एकट्याच्या विभागात पहिला येतो. खूण अशी की एका विभागात दोन १ दिसतात आणि दोघांचे गुण वेगवेगळे असतात. TRIM ने ती जागा जाते, पण नावे हाताने टाइप न करता डेटा व्हॅलिडेशनच्या यादीतून निवडायला लावणे हा पक्का इलाज.

दुसरा बिघाड मजकूर म्हणून साठवलेल्या गुणांचा. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या आकड्यांच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो, ते हेच. अशा माणसाला स्वतःचा क्रमांक मिळतो, पण ‘पेक्षा जास्त’ ही अट फक्त खऱ्या संख्या मोजते, म्हणून तो इतरांच्या मोजणीत धरलाच जात नाही. ९१ गुणांचा १०३ असा मजकूर झाला तर तो १ राहतो, आणि ७८ वाले दोघेही १ होतात. ‘रजेवर’ लिहिलेला माणूस मोजला न जाणे इथे फायद्याचे, ९१ मोजले न जाणे मात्र घातक. गुणांच्या कॉलमवर COUNT लावून ते कर्मचाऱ्यांच्या संख्येइतके येते का, एवढे बघितले की हे पकडता येते.

तिसरा बिघाड सगळ्यात फसवा. एका वर्षी गुण म्हणून तीन चाचण्यांची सरासरी आली आणि एका विभागात पहिला क्रमांक कुणाचाच नव्हता, यादी २ पासून सुरू झाली. अव्वल माणसाचे गुण होते ८०, ८५ आणि ८५, बेरीज २५०, सरासरी ८३.३३ आणि पुढे न संपणारे तीन. `">"&C2` मध्ये आकडा आधी मजकुरात बदलतो आणि त्यात पंधराच सार्थ अंक राहतात. सेलमधली खरी किंमत त्या कापलेल्या आकड्यापेक्षा किंचित मोठी ठरते, आणि माणूस स्वतःच स्वतःच्या पुढे मोजला जातो. उपाय फॉर्म्युल्यात शोधायचा नाही, गुणांच्या कॉलममध्येच सरासरी `ROUND(…,2)` करून ठेवायची. सेलचे फॉरमॅट बदलून दोन दशांश स्थळे दाखवणे याला पुरत नाही, कारण मोजणी दिसणाऱ्या आकड्यावर होत नाही.

या पद्धतीची मर्यादा वेगाची. प्रत्येक ओळ साऱ्या ओळी तपासते, म्हणजे दहा हजार ओळींना दहा कोटी तुलना. काही शे लोकांच्या तक्त्यात ते जाणवत नाही. लाखभर ओळींच्या फाइलमध्ये मात्र शीट अडखळते, आणि तिथे सॉर्ट करून वरच्या ओळीशी तुलना करण्याची जुनी रीत आजही जास्त शहाणपणाची आहे, कारण तिला ओळीमागे एकच तुलना लागते. फक्त क्रमांक काढून झाल्यावर तो कॉलम कॉपी करून पेस्ट व्हॅल्यूजने गोठवायला हवा.

नव्या एक्सेलमध्ये, म्हणजे ३६५ आणि २०२१ च्या आवृत्तीपासून, एकाच सेलमध्ये लिहून पूर्ण कॉलम भरता येतो :

```
=COUNTIFS(B2:B10,B2:B10,C2:C10,">"&C2:C10)+1
```

इथे डॉलरही नकोत आणि खाली ओढणेही नको. मात्र हे कंट्रोल-टी च्या टेबलच्या आत चालत नाही, तिथे `#SPILL!` येते. टेबलमध्ये पहिल्यासारखा ओळीओळीचा फॉर्म्युलाच ठेवावा.

तुमच्याकडे अजून ‘आधी सॉर्ट करा’ अशी सूचना असलेली यादी फिरत असेल, तर यंदा शेजारच्या कॉलममध्ये COUNTIFS लावून दोन्ही क्रमांक ताडून पाहा. आणि यादी सहीला पाठवण्याआधी प्रत्येक विभागाला एक तरी १ आहे, आणि जिथे एकाहून जास्त १ आहेत तिथे त्यांचे गुण खरोखर सारखे आहेत, एवढे तपासा.