गुण कुठे गळतात? – भाग ५ : लॉगचा प्रश्न आणि पालकांना लिहायची ईमेल

कॅमडेनमध्ये ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षात असलेल्या मराठी मुलाच्या आईला शिकवणीच्या शिक्षकांनी ईमेल पाठवायची आहे. मुलाचे बीजगणित चांगले आहे, वर्गसमीकरणे तो पटापट सोडवतो. पण प्रश्नात लॉग दिसला की पाचपैकी एक किंवा शून्य. अशा ईमेलमध्ये सहसा एक वाक्य असते : ‘लॉगचा सराव वाढवायला हवा.’ माझ्या मते हे वाक्य चुकीचे तर आहेच, शिवाय नुकसान करणारे आहे. मूल नेमके कोणत्या ओळीत घसरते हे न सांगता सराव वाढवला, तर चुकीची ओळ आणखी पक्की होते. म्हणून त्या ईमेलमध्ये काय असायला हवे, ते या भागात एका प्रश्नावर पाहू.

प्रश्न असा घ्या : 2log₃(x − 1) − log₃(x + 5) = 1. इंग्लंडमधल्या ए-लेव्हलच्या शुद्ध गणिताच्या पेपरांत या धर्तीचे प्रश्न नेहमी येतात. नीट सोडवला तर पहिल्या पायरीत पुढचा 2 आत घात म्हणून जातो आणि log₃(x − 1)² मिळते. दुसऱ्या पायरीत लॉगांची वजाबाकी हा भागाकाराचा एकच लॉग होतो : log₃[(x − 1)²/(x + 5)] = 1. तिसऱ्या पायरीत लॉग निघून जातो, पण उजवीकडे 1 राहत नाही, 3¹ म्हणजे 3 येतो. मग (x − 1)² = 3(x + 5), म्हणजेच x² − 5x − 14 = 0, आणि x = 7 किंवा x = −2. शेवटी −2 सोडून द्यायचा, कारण त्याने x − 1 ची किंमत −3 होते आणि ऋण संख्येला लॉग नसतो. 7 मात्र बसतो : 36 भागिले 12 म्हणजे 3, आणि log₃3 = 1.

आता मुलाची वही. तिथे दुसरीच ओळ अशी असते : log₃(2x − 2 − x − 5) = 1. म्हणजे त्याने 2 ने कंस गुणला आणि दोन लॉगांची वजाबाकी थेट आतल्या पदांची वजाबाकी केली. पुढे x − 7 = 3, x = 10. यात हिशोबाची एकही चूक नाही, म्हणून मुलाला स्वतःला काही खटकत नाही. खरी हानी मात्र इथेच होते. गुणदानात पद्धतीचे गुण आणि अचूक उत्तराचे गुण वेगळे असतात, त्यामुळे शेवटी उत्तर चुकले तरी पद्धतीचे गुण मिळतात, असे पालकांना वाटते आणि ते बरोबरही आहे. पण लॉगच्या प्रश्नात सुरुवातीलाच नियम चुकला की वर्गसमीकरण तयारच होत नाही. समोर सोपे एकघाती समीकरण येते आणि पुढच्या पद्धतीचे गुण मिळवायला जागाच उरत नाही. याउलट जो मुलगा सगळे बरोबर करून −2 सोडायला विसरतो, त्याचा सहसा एकच गुण जातो. दोघांनाही ‘लॉग कच्चा’ म्हणणे म्हणजे दोन वेगळ्या दुखण्यांवर एकच औषध देणे.

पहिल्या चुकीचे मूळ असे की मूल लॉगला कंसाबाहेरच्या गुणकासारखे वागवते. 5(a + b) = 5a + 5b हे वर्षानुवर्षे हातात बसलेले असते; log(a + b) दिसले की हात आपोआप log a + log b लिहितो. ही समजूत मोडायला नियम पुन्हा पाठ करून घेण्याचा उपयोग नाही, कारण तो मुलाला पाठ असतोच. या अभ्यासक्रमात लॉगचे नियम पाठच असावे लागतात. उपयोग होतो तो संख्यांचा. log₁₀100 म्हणजे 2, log₁₀1000 म्हणजे 3, बेरीज 5. पण log₁₀1100 साधारण 3.04 येतो, आणि log₁₀100000 बरोबर 5. हे मुलाने स्वतः कॅल्क्युलेटरवर काढले की बेरीज गुणाकाराशी जुळते हे त्याला दिसते. मग कारण सांगायचे : लॉग म्हणजे घातांक, आणि 10² ला 10³ ने गुणले की घातांकांची बेरीज होते.

ईमेलमध्ये हे असे लिहिता येईल : ‘नमस्कार ताई. लॉगच्या प्रश्नात गुण जातात ते समीकरण सोडवताना नव्हे, दुसऱ्याच ओळीत. पुढचे दोन आठवडे तो नवे प्रश्न सोडवणार नाही. प्रत्येक प्रश्नाच्या फक्त पहिल्या तीन ओळी लिहील, आणि त्याआधी वर x कुठल्या किमतींसाठी चालेल ते लिहील.’ आपल्या प्रश्नात ते x > 1 असे येते. ही अट आधीच लिहिलेली असली की −2 शेवटी आपोआप बाद होतो, आठवणीवर विसंबावे लागत नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की आम्ही अकरावी-बारावीला लॉग टेबल घेऊन हेच केले, त्यात एवढे काय? महाराष्ट्राच्या बारावीत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. तिथे लॉग हे मुख्यतः मोठा गुणाकार सोपा करण्याचे साधन होते. नेपियरने 1614 मध्ये लॉग मांडले आणि लंडनच्या हेन्री ब्रिग्जने 1617 मध्ये 10 पायाचे कोष्टक छापले, तेही याचसाठी. नियम तेच आहेत, पण टेबलात आत नेहमी माहीत असलेली धन संख्या असे. इथे आत x असतो, म्हणून कुठली किंमत चालेल हा प्रश्न नव्याने उभा राहतो. टेबल बघणे शिकवून तो सुटत नाही.

दुसरा आक्षेप कॅल्क्युलेटरचा. ए-लेव्हलच्या सगळ्या गणिताच्या पेपरांत कॅल्क्युलेटर चालतो आणि चांगला कॅल्क्युलेटर हे समीकरण सोडवूनही देतो. पण सगळ्या पायऱ्या दाखवा, निव्वळ कॅल्क्युलेटरवरचे उत्तर चालणार नाही, अशी सूचना अशा प्रश्नांवर बरेचदा असते. कॅल्क्युलेटर तपासणीला उत्तम : log₃(x − 1) मध्ये −2 घातला की तो चूक दाखवतो, आणि 10 घातला तर डावी बाजू 1 येत नाही. ती तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : हा नुसता निष्काळजीपणा असेल तर? तो ओळखायची साधी खूण आहे. निष्काळजी चूक दर वेळी जागा बदलते, गैरसमजाची चूक त्याच ओळीत परत येते. शेवटच्या तीन चाचण्यांतले लॉगचे प्रश्न शेजारी ठेवले तर दोन मिनिटांत उत्तर मिळते. तेव्हा पालकांनो, शिकवणीतून नुसता गुणांचा आकडा आला तर समाधान मानू नका. तपासलेली पाने मागा आणि पहिली चुकीची ओळ कोणती ते विचारा.