मदतीच्या अर्जातल्या चार ओळी

‘मुलीच्या हृदयाला छिद्र आहे, कृपया मदत करा’ एवढ्यावर ट्रस्टच्या डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. छिद्र कुठे, केवढे आणि घाई का, हे अर्जात हवे. काही लहान छिद्रे आपोआप बुजतात, म्हणून तर ते विचारतात.

समजा, मुलगी 2 वर्षांची, वजन 8 किलो. सारांशात लिहावे: ‘इको तपासणीत खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात 9 मिलिमीटरचे छिद्र. फुप्फुसातला रक्तदाब वाढलेला. वारंवार न्यूमोनिया, वजन वाढत नाही. छिद्र बंद करण्याची शस्त्रक्रिया लवकर करण्याचा सल्ला.’ यातले दाबाचे वाक्य सर्वांत वजनदार. दाब वर्षानुवर्षे राहिला, तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या कायमच्या कडक होतात आणि मग शस्त्रक्रियाच धोक्याची ठरते.

पैशांचा हिशेबही उघडा मांडावा. खर्च 3 लाख, इतर ट्रस्टकडून मंजूर 1 लाख 20 हजार, घरचे 30 हजार; मागणी दीड लाखाची. दुसरी मदत लपवली की अर्ज तिथेच अडकतो. धनादेश रुग्णालयाच्या नावे मागावा. आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया बसते का, हे मात्र रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावे.